कर्जाने घेतलेला कारखाना स्वतःचं कर्ज कसं फेडतो: उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा हिशेब

बेळगावात उद्यमबाग, मच्छे या भागात अशा बऱ्याच फाउंड्री, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणारे कारखाने आहेत, ज्यांचे मालक आता साठी-पासष्टीला आले आहेत. मुलगा बेंगळुरूला नाहीतर पुण्याला नोकरीत रमलेला, भट्टीजवळ उभं राहायची त्याची तयारी नाही. दुसरीकडे तिथला जुना वर्क्स मॅनेजर. कुठलं कास्टिंग कुठल्या गिऱ्हाइकाचं, कुठल्या मोल्डला रिजेक्शन जास्त येतं, हे त्याला तोंडपाठ असतं. कारखाना चालवायची त्याची तयारी आहे, पण विकत घ्यायला पैसे नाहीत. मग कुणीतरी सुचवतं, ‘कर्ज काढ, कारखानाच फेडेल.’

मोठ्या कंपन्यांच्या जगात यालाच लिव्हरेज्ड बायआउट म्हणतात, थोडक्यात एलबीओ. खरेदीदार थोडे स्वतःचे पैसे घालतो, बाकीचे कर्जाने उभे करतो, आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्या डोक्यावर बसतं. तारण तिचंच आणि फेडही तिच्याच कमाईतून. आपल्याकडे गावोगाव म्हशीसाठी असंच कर्ज मिळतं. सोसायटी पैसे देते आणि डेअरीच्या दुधाच्या बिलातून हप्ता कापून घेते. म्हैस स्वतःची किंमत स्वतः फेडते. फक्त वैरण आधी घालावी लागते, हप्ता त्यानंतर. एलबीओ समजून घ्यायचा म्हणजे मुख्यतः हा ‘आधी’ आणि ‘नंतर’ नीट समजून घ्यायचा.

ताळेबंद वाचणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आकड्यांवरच बोलतो. एक काल्पनिक फाउंड्री धरू. पंप, व्हॉल्व्ह आणि ट्रॅक्टरच्या भागांची कास्टिंग करणारी, वर्षाला ४० कोटींची विक्री असलेली. कच्चा माल, वीज, पगार, दुरुस्ती हा सगळा चालू खर्च वजा जाता हातात ६ कोटी राहतात. व्याज, घसारा आणि आयकर अजून काढलेले नाहीत. या आकड्याला एबिट्डा म्हणतात आणि कारखान्याची किंमत बहुधा याच्याच पटीत बोलली जाते. इथे पाच पटीत सौदा ठरला, म्हणजे ३० कोटी. आधीची सगळी कर्जं जुना मालक फेडून देणार.

वर्क्स मॅनेजर आणि त्याच्यामागे उभे राहिलेले दोन-तीन गुंतवणूकदार मिळून १२ कोटी घालतात. उरलेले १८ कोटी १२ टक्के व्याजाने कर्ज. त्यासाठी ते एक नवी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढतात आणि ती कंपनी जुन्या मालकाकडून शेअर न घेता चालू कारखानाच एकरकमी किमतीला विकत घेते. यंत्रं, ऑर्डरी, कामगार, येणं-देणं सगळं एकत्र. याला स्लंप सेल म्हणतात.

असं करण्यामागे कारणं आहेत. कंपनी ताब्यात घेण्यासाठी शेअर खरेदीला कर्ज देण्यावर आपल्या बँकांना वर्षानुवर्षं बंधनं होती. ही वाट मोकळी करण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली, पण तिचा रोख मोठ्या कंपन्यांवर आहे, उद्यमबागेतल्या शेडवर नाही. शिवाय कंपनी कायद्याच्या ६७ व्या कलमानुसार पब्लिक कंपनीला स्वतःचेच शेअर कुणी विकत घ्यावेत म्हणून कर्ज, हमी किंवा तारण देता येत नाही. चालू कारखाना घेतला तर बँकेपुढे यंत्रं आणि जागा येतात, आणि त्यांवर मुदत कर्ज देणं हे तिचं नेहमीचंच काम. दुसरा फायदा कराचा. कर्ज आणि कमाई एकाच कंपनीत असल्यामुळे व्याज खर्चात धरता येतं आणि तेवढा आयकर कमी बसतो. जागा केआयएडीबीची, म्हणजे कर्नाटकच्या औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाची, लीज-कम-सेलवर असेल तर ती नव्या कंपनीच्या नावावर करायला त्यांची परवानगी लागते. कागद सह्यांना येण्याआधीच हे विचारून घ्यावं.

आता पहिलं वर्ष. हातात ६ कोटी आहेत आणि कर्ज १८ कोटी. ऐकणाऱ्याला वाटतं, तीन वर्षांत फिटलं की. तसं होत नाही. १८ कोटींचं १२ टक्क्यांनी व्याजच २ कोटी १६ लाख. दीड कोटी घसारा आणि हे व्याज वजा करून जो नफा उरतो, त्यावर साधारण पाव हिस्सा आयकर, म्हणजे ५९ लाख. मग शॉट ब्लास्टिंगचं मशीन जुनं झालंय, सँड प्लँटचं काम काढायचंय, मोल्डिंग मशीन बदलायचंय. यंत्रं टिकवायला वर्षाला १ कोटी लागतातच. आणि विक्री ४० वरून ४३ कोटींवर गेली तर त्या वाढीतही पैसा अडकतो. जास्तीचं पिग आयर्न आणि स्क्रॅप आणून ठेवावं लागतं, गिऱ्हाइकाकडचं बिल दोन-अडीच महिन्यांनी येतं. सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीची बँकेची उचल, वाढवून त्यातलं काही भागतं, बाकीचे ६० लाख याच कमाईतून घालावे लागतात.

हे सगळं वजा करा. ६ कोटींतले मुद्दल फेडायला उरतात १ कोटी ६५ लाख.

माझ्या मते या साऱ्या प्रकारातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या कारखानदारांना कुणी शिकवावं लागत नाही. ‘फायदा कागदावर हाय, पैसा कुठं हाय?’ हे वाक्य मार्च संपला की माझ्या टेबलापलीकडून हमखास येतं. तरीही खरेदीच्या वेळी हीच माणसं एबिट्डाकडे बघून कर्ज ठरवतात. १८ कोटी सात वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे म्हटले, तर दरवर्षी मुद्दलाचेच २ कोटी ५७ लाख लागतील. पहिल्याच वर्षी जवळपास ९२ लाखांची तूट. फाउंड्री व्यवस्थित चालू आहे, ऑर्डरी वाढताहेत, आणि तरी हप्ता चुकतो. म्हणून अशा कर्जाचे हप्ते चढते ठेवून घ्यावे लागतात, सुरुवातीला लहान आणि पुढे मोठे. इथे पहिल्या वर्षी दीड कोटी, दुसऱ्या वर्षी २ कोटी असं ठरलं असं धरू.

सगळं बरं चाललं तर काय होतं तेही बघायला हवं, कारण लोक उगाच या वाटेला जात नाहीत. कमाई दरवर्षी ५० लाखांनी वाढून पाचव्या वर्षी ८ कोटी झाली आणि उरलेली सगळी रोकड कर्जात भरत गेलो, तर कर्ज १८ चं १६ कोटी ३५ लाख, मग १४ कोटी १७ लाख असं उतरत पाचव्या वर्षाअखेरीस ४ कोटींवर येतं. व्याज कमी होत जातं तशी मुद्दल फेडण्याची गती वाढते. पहिल्या वर्षी १ कोटी ६५ लाख फिटले होते, पाचव्या वर्षी ४ कोटी ५ लाख फिटतात. त्याच पाच पटीने फाउंड्रीची किंमत आता ४० कोटी. कर्ज वजा जाता मालकांचे ३६ कोटी. घातले होते १२, म्हणजे तिप्पट. हेच ३० कोटी सगळे स्वतःचे घातले असते तर व्याज वाचून पाच वर्षांत सुमारे २० कोटी रोकड साठली असती आणि ४० कोटींचा कारखाना हातात असता. एकूण ६०, म्हणजे दुप्पट.

मालकांच्या वाढलेल्या २४ कोटींपैकी १० कोटी फाउंड्रीची कमाई वाढल्यामुळे आले आणि १४ कोटी निव्वळ कर्ज फिटल्यामुळे. मोठा वाटा कर्जफेडीचा आहे, आणि ते कर्ज भट्टीवर, मोल्डिंगवर, फेटलिंगला राबणाऱ्या माणसांच्या कामातून फिटलं. त्यांनी कुठल्याही कागदावर सही केलेली नव्हती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. कर्जाचं ओझं कुणाच्या खांद्यावर जातं हे खरेदी करणाऱ्याने स्वच्छ ओळखलेलं असावं, एवढंच म्हणणं आहे.

आता दुसऱ्या वर्षी मंदी आली असं धरू. पाऊस दगा देतो, ट्रॅक्टरचा खप बसतो, पुण्या-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकांचे शेड्यूल अर्ध्यावर येतात आणि विक्री सौद्याच्या वेळच्या ४० वरून ३० कोटींवर घसरते. विक्री पाव हिश्शाने घटली म्हणून कमाईही पाव हिश्शानेच घटेल असा अनेकांचा समज असतो. पण १० कोटींचा माल कमी गेला, तर लोखंड, वीज, रेती यांचे साडेसहा कोटीच वाचतात. पगार, भाडं, विजेचा मागणी आकार तसेच राहतात. म्हणजे कमाईतून साडेतीन कोटी जातात आणि ६ चे अडीच कोटी होतात.

पहिल्या वर्षी दीड कोटीचा हप्ता भरून १५ लाख शिल्लक राहिले होते. साडेसोळा कोटींवर व्याज १ कोटी ९८ लाख. आयकर काही लागणार नाही. यंत्रांवरचा खर्च हात आखडून ५० लाखांवर आणला. अडीच कोटींतून हे गेलं की उरतात २ लाख, मागचे १५ धरून १७ लाख. हप्ता आहे २ कोटींचा. विक्री घटल्यावर येणी वसूल होऊन थोडा अडकलेला पैसा मोकळा व्हायला हवा, पण मंदीत गिऱ्हाईकही बिलं लांबवतो, तेव्हा त्या भरवशावर राहता येत नाही. कर्ज नसतं तर याच वाईट वर्षात आयकर भरूनही फाउंड्रीने पावणेदोन कोटी रोकड मागे टाकली असती आणि चांगल्या पावसाची वाट बघितली असती. कारखाना तोच, माणसं तीच, मंदीही तीच. फरक फक्त किंमत कशी उभी केली याचा.

मोठ्या उदाहरणांतही हेच दिसतं. टाटा टीने २००० साली ब्रिटनची टेटली २७ कोटी १० लाख पौंडांना घेतली. त्यासाठी तिथे एक वेगळी कंपनी काढली, टाटांनी तिच्यात ७ कोटी पौंड घातले आणि बाकीचं कर्ज टेटलीच्याच मालमत्तेवर आणि कमाईवर उभं केलं. कर्ज बुडालं तरी टाटा टीवर येणार नाही अशी रचना होती. टेटली आकाराने टाटा टीपेक्षा मोठी, तरी हा सौदा पेलला, कारण मंदी असो की तेजी, माणूस चहा सोडत नाही. २००७ मध्ये टाटा स्टीलने कोरस घेतली, ६२० कोटी पौंडांना, आणि तिथेही मोठा वाटा कर्जाचा. पोलाद चहासारखं नसतं. २००८ च्या मंदीत युरोपातली मागणी कोसळली, रोकड आटली आणि कर्ज होतं तिथेच राहिलं. २०१६ मध्ये त्यातला लाँग प्रॉडक्ट्सचा ब्रिटिश व्यवसाय नाममात्र एका पौंडाला विकावा लागला. आपली कास्टिंग चहापेक्षा पोलादाच्या जास्त जवळची आहेत, हे इथल्या खरेदीदाराने लक्षात घ्यायला हवं.

मग आधी कळायचं कसं? बँकेचं गणित पुरेसं नाही, हे पहिल्यांदा सांगतो. हप्ता झेपेल का हे बघायला बँक जे गुणोत्तर काढते त्याला डीएससीआर म्हणतात. करानंतरचा नफा, घसारा आणि व्याज यांची बेरीज करायची आणि तिला त्या वर्षीच्या व्याज-हप्त्याने भागायचं. आपल्या फाउंड्रीचं पहिल्या वर्षाचं उत्तर येतं जवळपास दीड. छान दिसतं, फाईल मंजूर होते. पण त्या सूत्रात सँड प्लँटचा खर्च नाही आणि वाढलेल्या बिलांत अडकलेला पैसाही नाही. ते दोन्ही वजा करून पुन्हा भागा, उत्तर येतं १.०४. म्हणजे १०० रुपये देणं आणि हातात १०४. एखादं मोठं बिल पंधरा दिवस लांबलं तरी घसा कोरडा पडेल. दोन्ही आकडे एकाच कारखान्याचे, एकाच वर्षाचे आहेत. खरेदीदाराने दुसरा बघावा.

त्याच्याही आधी तो ६ कोटींचा आकडा तपासायला हवा. घरच्या धंद्यात मालक आणि त्याचा भाऊ पगार घेत नाहीत, शेड वहिनींच्या नावावर असते आणि तिचं भाडं वहीत नसतं. नवा मालक आला की प्रॉडक्शन बघायला पगारी माणूस लागतो आणि भाडंही सुरू होतं. या दोन्हींचे मिळून ८० लाख धरले, तर खरी कमाई ५ कोटी २० लाख. पाच पटीने हिशेब केला तर याच एका गोष्टीपायी ४ कोटी जास्त मोजले जातात.

विक्री खरी आहे का हे हेस्कॉमच्या बिलावरून ताडता येतं. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. वितळवलेलं सगळं कास्टिंग होत नाही, रनर-रायझरचं लोखंड परत भट्टीत जातं. ते प्रमाण विचारून घ्या आणि बारा महिन्यांची भट्टीच्या मीटरची युनिटं मांडा. कागदावरची टनांची विक्री आणि वीज यांचा मेळ बसत नसेल, तर कुठल्या तरी बाजूला गडबड आहे.

आणि एकदा पॅटर्नच्या रॅकपुढे उभं राहा. ज्यांवरून रेतीचे साचे घडवतात ते लाकडी, ॲल्युमिनियमचे पॅटर्न ओळीने लावलेले असतात, प्रत्येकावर नंबर, बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाइकाचं नाव. त्यातले बहुतेक फाउंड्रीचे नसतात, गिऱ्हाइकाने करून दिलेले असतात. नवा मालक पटला नाही, तर गिऱ्हाईक टेम्पो पाठवतो, पॅटर्न उचलतो आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नेऊन ठेवतो. आपण ३० कोटी ज्या रोकडीसाठी मोजतो, तिचा उगम या रॅकवर आहे आणि तो ताळेबंदात कुठेच दिसत नाही. निम्मी विक्री एकाच नावाच्या पॅटर्नवर होत असेल, तर त्या गिऱ्हाइकाशी सौद्याआधी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या सगळ्यावर मला सर्वात व्यवहार्य वाटणारा उपाय म्हणजे किमतीचा एक भाग जुन्या मालकानेच उधारीवर ठेवणं. ३० कोटींत १२ स्वतःचे, १३ बँकेचे आणि ५ कोटी जुन्या मालकाला तिसऱ्या वर्षापासून, बिनव्याजी, तेही मोठी गिऱ्हाइकं टिकली तर. आता पहिल्या वर्षाचं व्याज १ कोटी ५६ लाख होतं, कर आणि बाकीचा खर्च जाऊन २ कोटी १० लाख उरतात. बँकेचा हप्ता १ कोटी १० लाखांचा, तो भरून १ कोटी हातात राहतो. मग तीच मंदी येऊ द्या. अडीच कोटींतून व्याजाचे १ कोटी ४३ लाख आणि यंत्रांचे ५० लाख गेले की ५७ लाख, आणि मागचा १ कोटी. दुसऱ्या वर्षीचा १ कोटी ४० लाखांचा हप्ता भरून थोडे पैसे शिल्लकच राहतात. जुन्या मालकाचाही यात स्वार्थ राहतो. आपले ५ कोटी अडकलेले असताना तो गिऱ्हाइकांना फोन करतो, नव्या माणसाची ओळख करून देतो. विक्रेता अशा उधारीला अजिबात तयार नसेल, तर त्याला स्वतःच्या गिऱ्हाइकांचा किती भरवसा आहे हेही त्यातून कळतं.

एक फरक मात्र राहतोच. टेटलीचं कर्ज टाटा टीवर येणार नव्हतं. आपल्या वर्क्स मॅनेजरला बँक वैयक्तिक हमीवर सही मागते आणि बहुधा राहतं घरही तारणात घेते. म्हणजे कर्ज कागदावर फाउंड्रीचं, पण फाउंड्री थांबली तर ते टिळकवाडीतल्या त्याच्या घरापर्यंत येतं. हमी ठरावीक रकमेपुरतीच ठेवता येईल का, आणि निम्मं कर्ज फिटल्यावर घराचे कागद सोडता येतील का, हे मंजुरीपत्रावर सही होण्याआधी मागायचं असतं. नंतर बँकेला ते द्यायचं काही कारण उरत नाही.